वाडीतलं मीठ

गयाबाईचं मिठाशी वैर होतं असं सांगितलं, तर तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लेला माणूस हसेल. स्वयंपाकात तिचं मीठ कधी चुकलं नाही. वैर होतं ते मातीतल्या मिठाशी, आणि ते तिच्या लग्नाइतकं जुनं होतं.

पैनगंगेच्या अलीकडच्या त्या गावात ती नवरी म्हणून आली तेव्हा घरामागची वाडी म्हणजे नुसतं चोपण होतं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड, आणि चैत्र लागला की जमिनीवर पांढरं पापुद्र्यासारखं मीठ फुटून यायचं. पेरलेलं उगवायचं नाही, उगवलं तर पानांच्या कडा जळायच्या. नवरा उद्धवराव म्हणायचा, त्या जागेत गुरं बांधू, तिचा दुसरा काही उपयोग नाही. गयाबाईनं ऐकलं नाही. आटलेल्या तळ्यातला गाळ तिनं टोपल्याटोपल्यानं आणून टाकला. ताग पेरला आणि फुलावर येताच गाडला. शेण टाकलं, राखेचा कण पडू दिला नाही, विहिरीचं खारट पाणी सोडून ओढ्याचं पाणी घातलं. कितीतरी वर्षं माती तिच्याशी बोललीच नाही. मग एक लिंबाचं झाड जगलं. त्याच्या आधारानं मेथी आली, मग वांगी, भेंडी, मिरची. उद्धवराव गेला तेव्हा त्या वाडीनंच घर चालवलं. गयाबाईच्या डोक्यावरची भाजीची पाटी आदिलाबादच्या बाजारात ओळखीची झाली. तिथले तेलुगू बोलणारे व्यापारीसुद्धा तिच्या मेथीला हात लावून बघायचे आणि मान हलवायचे.

आता ती साठीच्या पुढे गेली होती. मान दुखायची, कंबर तर आपली राहिलीच नव्हती. मुलगा चंदन मालऑटो चालवायचा, घरी असला तर असला. घरात खरी सोबत सुनेची होती. मीनल कामाला वाघीण, बोलायला कमी. सासूला आत्या म्हणायची तिकडची रीत, पण मीनल म्हणायची तेव्हा त्यात रीतीपेक्षा जास्त काही असायचं. महिला गटातून तिनं पिठाची चक्की घेतली आणि पुढच्या खोलीत बसवली. सकाळपासून बाया डबे घेऊन यायच्या. ज्वारी, गहू, मिरची, हळद. घराला पीठ लागलेलं असायचं आणि मीनलच्या भुवयाही पांढऱ्या व्हायच्या.

चक्कीपाशी चप्पल घालायची नाही, हा नियम गयाबाईचा. धान्य म्हणजे अन्नपूर्णा, तिच्यापुढे पायताण कसलं? गावातल्या सगळ्याच चक्क्यांवर बाया चपला बाहेर काढतात, त्यात गयाबाईनं जगावेगळं काही सांगितलं नव्हतं. मीनल अनवाणी उभी राहायची.

भाद्रपद संपताना, हवेत ओल असताना, एके दुपारी चक्कीनं मीनलचा हात धरला. ती दळण थांबवायला म्हणून पत्र्यावर हात ठेवायला गेली आणि हात निघेचना. नशीब एवढंच की चंदन घरी जेवत होता. त्यानं धावत येऊन बटण पाडलं. मीनल मागे भिंतीवर आपटली. तिला काही वेळ बोलता येत नव्हतं. गयाबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला तर तो लाकडासारखा कडक झाला होता. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळचे वायरमन सुधाकरराव आले. जाडजूड माणूस, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, दर पायरीला एकदा देवाचं नाव घेणारा. त्यांनी मोटर उघडून झटकली, आतलं पीठ काढलं, एक वायर बदलली. मग घराची अर्थिंग कुठाय म्हणून विचारलं. चंदननं भिंतीकडेला बोट दाखवलं. घर बांधताना मिस्त्रीनं तिथं हातभर सळई ठोकून तिला तार गुंडाळली होती. सुधाकररावांनी ती सळई दोन बोटांनी हलवली. ती दाढेसारखी हलली.

त्यांनी ओट्यावर बसून समजावलं. मोटर आज दुरुस्त केली, उद्या परत पिठानं आणि ओलीनं बिघडणार, ते तिच्या नशिबातच आहे. बिघडली की वीज चक्कीच्या पत्र्यात उतरते आणि बाहेर जायला वाट शोधते. तिला जमिनीत जायची सोपी वाट करून दिली तर ती तिकडे जाते, भरपूर जाते आणि बटण आपोआप पडतं. वाट नसली तर ती माणसातून जाते. ही वाट म्हणजे अर्थिंग. त्यासाठी माणूस उभा राहून हात वर करील एवढा खोल खड्डा. तळाशी जस्त चढवलेली लोखंडी प्लेट, उभी. प्लेटला बोल्टनं घट्ट कसलेली पट्टी, तीच वर घरात येणार. प्लेटपासून वरपर्यंत भोकं पाडलेला पाइप, त्यातून पाणी खाली जाणार. आणि भोवती एक थर लाकडी कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ त्या ओलीतून विजेला वाट देतं.

चंदनचा एक दोस्त बेल्लमपल्लीचा. तो म्हणाला होता, कोळसा कशाला विकत घेतोस, खाणीचा पोतंभर आणून देतो. सुधाकररावांनी हात जोडले. दगडी कोळसा चालत नाही, लाकूड जाळून केलेला लोणारी कोळसाच पाहिजे, आणि मीठ जाडं, खड्याचं, पुडीतलं पांढरं नको.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग जागेचा प्रश्न आला. घरापुढे सिमेंटचा रस्ता आणि नाली, बाजूला शेजाऱ्याची भिंत. उरली मागची वाडी. मीटरपासून सगळ्यात जवळची मोकळी जागा म्हणजे लिंबाच्या झाडाच्या पलीकडचा मेथीचा वाफा.

गयाबाई एवढा वेळ दाराशी बसून शेंगा सोलत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मीठ नाई जाणार त्या मातीत," ती म्हणाली.

चंदननं समजावलं. सुधाकररावांनी समजावलं की मीठ खाली राहतं, वरचे दोन हात साधी मातीच असते. गयाबाईला ते पटण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत होतं असंही नाही. खालचं मीठ उन्हाळ्यात ओलीबरोबर वर चढतं हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. काळ्या मातीत एकदा घातलेलं मीठ निघत नाही, त्याला निघायला एका बाईचं वय लागतं. वरून घरच्या शास्त्राचीही भीती होती. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं असं तिला लहानपणी सांगितलेलं. इथं तर पोतं ओतायचं होतं.

मीनल आपला हात दुसऱ्या हातानं चोळत होती. गयाबाईनं ते बघितलं आणि उठून गेली. जाता जाता म्हणाली, करा तुमच्या मनाचं. हे होकाराचं बोलणं नव्हतं, पण सगळ्यांनी ते होकारात धरलं. घरात थकलेल्या माणसाच्या बोलण्याचा अर्थ दुसरेच लावतात.

दसऱ्याच्या आधी चंदननं खड्डा खोदला. माती ओली होती, खाली खाली तर चिकणीच लागली. प्लेट उतरवली, पट्टी कसली, पाइप उभा केला. कोळशाची आणि मिठाची पोती न्हाणीच्या भिंतीआड ठेवलेली होती. भरायची वेळ आली आणि चंदनला फोन आला, भैंश्याहून कापसाचा माल उचलायचा होता, आत्ताच निघायला पाहिजे. मीनलकडे दळणाची रांग. सुधाकररावांचे गुडघे वाकायला तयार नाहीत. गयाबाई म्हणाली, मी भरते, टोपली उचलायला मला कुणी शिकवायला नको. सुधाकरराव लिंबाच्या सावलीत बाजेवर बसले आणि तिथून सांगू लागले. कोळसा. आता मीठ. आता कोळसा.

न्हाणीच्या भिंतीआडच घराच्या बांधकामातून उरलेल्या रेतीचा ढीग होता. पैनगंगेची पांढरी, बारीक रेती.

गयाबाईनं आधी ठरवून काही केलं नाही. पहिली टोपली तिनं कोळशाची नेली, खरी. दुसरी भरताना तिचा हात मिठाच्या पोत्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं टोपली रेतीनं भरली आणि वरून चार मुठी मीठ पसरलं. खड्ड्यात ओतलं तेव्हा वरून पांढरंच दिसलं. रेतीनं मातीचं काही बिघडत नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाजेवरून सुधाकररावांनी मान हलवली. जेवण झालेलं होतं आणि सावली थंड होती, पुढचे थर तर त्यांनी अर्धे डोळे मिटूनच सांगितले. कोळसा, रेती, कोळसा, रेती. वर माती. मिठाची पोती तिनं कडब्याखाली सरकवली आणि पुढं महिनोन्‌महिने थोडं थोडं मीठ गायीला चाटायला घातलं.

संध्याकाळी सुधाकररावांनी बल्ब लावून तपासलं. विजेच्या तारेला एक टोक, अर्थिंगच्या तारेला दुसरं. अर्थिंग चांगली असली तर बल्ब लख्ख पेटतो, वाईट असली तर मिणमिणतो. माती पावसाळ्यातल्या ओलीनं गच्च होती. बल्ब लख्ख पेटला. ते खूश झाले. जाताना बजावून गेले की उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी पाइपात ओतत जा, अर्थिंग जिवंत राहायला पाणी लागतं.

गयाबाईनं मनात म्हटलं, बघा, मिठाशिवाय पेटला की नाही. तिला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मीनल चक्कीपाशी अनवाणी उभी राहिली आणि गयाबाईची नजर तिच्या पायांवरून हटेना.

तेव्हापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. सुधाकररावांनी चक्की तपासताना पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघितलेली तिनं पाहिली होती. मीनल आंघोळीला गेली की गयाबाई चक्कीपाशी जायची, चप्पल बाहेर काढायची, बटण दाबायची आणि उलटा हात पत्र्याला टेकवायची. काही लागलं नाही की बटण पाडून आपल्या कामाला लागायची. हे शहाण्याचं काम नव्हतं. पण चोरानं आपल्या घराला कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघावं तशी तिची गत झाली होती. हिवाळा गेला, होळी झाली. हाताला कधी काही लागलं नाही. मेथी त्या वाफ्यावर नेहमीसारखी आली आणि लिंब मोहरलं. गयाबाईला वाटायला लागलं होतं की देवानं तिची बाजू घेतली.

वैशाखात माती फाटली. त्या भागातली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. एका सकाळी उलटा हात पत्र्याला टेकला आणि मुंग्या दंडापर्यंत चढल्या. गयाबाईनं हात काढला, बटण पाडलं आणि उंबरठ्यावर बसली.

तिला कळायला वेळ लागला नाही. जन्मभर मातीत हात घातलेल्या बाईला वाळूत पाणी टिकत नाही हे कुणी सांगायला नको होतं. तळ्याचा गाळ तिनं कशासाठी वाहिला होता? ओल धरावी म्हणून. आणि तिनंच प्लेटच्या भोवती चाळणी भरून ठेवली होती. कोळशानं जी ओल धरली असती तीही रेतीतून निथळून गेली. माती फाटून प्लेटपासून सुटली असणार, जशी ती मुळांपासून सुटते.

मीनलला तिनं सांगितलं की आज अमावास्या आहे, चक्की बंद ठेव. अमावास्या नव्हती. मीनलनं एकदा सासूकडे बघितलं आणि बाहेर आलेल्या बायांना उद्या या म्हणून सांगितलं. गयाबाईनं घागरीमागून घागरी पाइपात ओतल्या. पाणी गटगट खाली जात होतं, वर एक थेंब थांबत नव्हता. दुपारी तिनं पुन्हा हात लावून बघितला. काही लागलं नाही.

मग तो उन्हाळा सुरू झाला जो गयाबाई कुणाला सांगू शकली नसती. रोज सकाळी सगळे उठायच्या आत बोअरवरून पाणी आणायचं आणि पाइपात ओतायचं. आठवड्याच्या दोन घागरींनी भागत नव्हतं, रेती पीत नव्हती, नुसती गाळत होती. बोअरची धार दिवसेंदिवस बारीक होत होती. जे पाणी भेंडीला जायचं ते खड्ड्यात जायला लागलं. भेंडी माना टाकून उभी. मिरचीची फुलं गळली. बाजारात पाटी अर्धी जायची. ओळखीच्या व्यापाऱ्यानं विचारलं, काय बाई, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली ऊन आहे. घरी येऊन ती भिंतीला टेकायची तेव्हा मीनल तिच्या पुढ्यात ताक ठेवायची आणि विचारायची की आत्या, एवढं पाणी कुठं जातं? गयाबाई म्हणायची, मातीच प्यायली.

सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं. रोज ती उद्यावर ढकलायची. सांगायचं म्हणजे खड्डा पुन्हा उकरायचा आणि या खेपेला खरं मीठ ओतायचं. त्याहून अवघड म्हणजे मीनलच्या तोंडाकडे बघायचं. पाऊस येईपर्यंत निभावून नेऊ, मग माती ओली होईल, मग बघू. थकलेला माणूस असाच विचार करतो, आजचा दिवस ढकलला की झालं.

ज्येष्ठ उजाडला, पावसाचा पत्ता नव्हता. एका सकाळी गयाबाई उठली आणि पुन्हा आडवी झाली. अंगात ताप भरला होता. डोळे मिटले की पाण्याची घागर दिसायची. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग पुढच्या खोलीतून एक बारीक खट्ट आवाज आला आणि चक्की गरगरायला लागली.

गयाबाई उठली. कशी उठली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. मधल्या खोलीतून भिंत धरत ती बोर्डापर्यंत गेली आणि वरचं मोठं बटण दोन्ही हातांनी खाली ओढलं. घरातला पंखासुद्धा थांबला. चक्कीचा आवाज हळूहळू मरत गेला. मीनल चक्कीपासून दोन पावलं मागे उभी होती. उजवा हात काखेत दाबून धरलेला आणि चेहरा पिठाहून पांढरा.

"आत्या, झटका मारला तिनं," ती म्हणाली. "अर्थिंग केली ना आपण. काऊन मारला?"

गयाबाई तिथंच खाली बसली आणि बोलली. रेतीचं, मिठाचं, कडब्याखालच्या पोत्यांचं, रोजच्या हात लावण्याचं, पाण्याचं. काहीच वगळलं नाही. बोलताना तिचे दात वाजत होते, तापानं किंवा कशानं. दळणाला आलेली एक बाई दारात डबा घेऊन उभी होती, ती कधी गेली ते दोघींनाही कळलं नाही.

मीनलनं काखेतला हात सोडवून समोर धरला. मग म्हणाली, "मातीसाठी तुमी मले पणाले लावलं होतं काय, आत्या?"

कुणी आपल्याला असं विचारेल असं गयाबाईला वाटलंच नव्हतं, कारण तिनं स्वतःला तसं विचारलं नव्हतं. तिनं तर फक्त मीठ मातीत जाऊ दिलं नव्हतं. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे तिला तिथं जमिनीवर बसून पहिल्यांदा दिसलं.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "मले समजलं नाई, पण व्हय."

मीनल आत गेली. ती रडली असती, ओरडली असती तर गयाबाईला बरं वाटलं असतं. तिनं सासूला गोळी दिली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पेज करून पाजली. सगळं केलं, पण त्या दिवसापासून आत्या म्हणाली नाही. जेवायला या, औषध घ्या, एवढंच. नावाशिवाय. घरात एवढा एक शब्द कमी झाला आणि गयाबाईला घर रिकामं वाटू लागलं.

चंदननं ऐकलं तेव्हा तो चिडला, हातातला तांब्या आपटला आणि मग त्याची नजर आईच्या पायांकडे गेली. त्या पायांना उन्हाळाभराच्या भेगा पडल्या होत्या. त्यानं सुधाकररावांना फोन केला. ताप उतरेपर्यंत चक्की बंद राहिली आणि बाया दुसऱ्या गल्लीत जाऊ लागल्या.

सुधाकरराव आले. खड्डा पुन्हा उकरला गेला. माती इतकी कोरडी होती की कुदळीचा आवाज घरापर्यंत येत होता. खाली रेती लागली, कोरडी, भुरभुरीत, बोटांतून निसटणारी. सुधाकररावांनी मूठभर हातात घेतली, चोळली, गयाबाईकडे बघितलं आणि सोडून दिली. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनाही आपली बाजेवरची झोप आठवत असावी. ते एवढंच म्हणाले की काकू, सगळं काढावं लागेल. आणि हात लावून बघायची ती सवय सोडा, तसं बघणारा एखाद दिवशी बघतच राहतो. बोर्डात त्यांनी नवा एक स्विचही बसवला. वीज कुठं गळायला लागली की तो क्षणात आपला आपण पडतो.

प्लेट घासून पुसून परत उतरवली. बोल्ट नव्यानं कसले. पाइपाची बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली. नव्या कोळशाचं पोतं आलं, मिठाची पोती आली. गयाबाई अशक्त होती, पण ती बाजेवर बसायला तयार नव्हती. तिनं पहिली टोपली कोळशाची भरून दिली, चंदननं खाली उतरून ती प्लेटभोवती दाबली. मग मिठाचं पोतं उघडलं. खडे उन्हात चमकले. गयाबाईनं ओंजळ भरली, क्षणभर धरली, आणि टोपलीत टाकली. एक टोपली गेली, दुसरी गेली. थर चढत गेले.

वरचे थर आले तेव्हा सुधाकररावांनी लिंबाकडे बघितलं. ते झाड फार लांब नव्हतं. ते चंदनला हळूच म्हणाले की आता मीठ थोडं कमी टाकलं तरी चालेल, खाली पुरेसं झालं आहे. त्यांनी ते दयेनं म्हटलं होतं. लिंब गयाबाईनं कसं जगवलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गयाबाईनं ऐकलं.

"कमी नका करू," ती म्हणाली. "जेवढं लागते तेवढं घाला. झाड गेलं तर जाऊ द्या."

ती पोत्याकडे वळली आणि टोपली भरली. टोपली मोठी होती आणि तापानं तिच्या दंडात जोर राहिला नव्हता. उचलायला गेली तर ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. चंदन खड्ड्यात होता, सुधाकररावांना वाकता येत नव्हतं. मीनल मागच्या दाराशी उभी होती, सकाळपासून तिथंच उभी होती, जवळ न येता. ती पायऱ्या उतरून आली आणि टोपलीची दुसरी बाजू धरली.

"सोडा, आत्या," ती म्हणाली. "दोघी मिळून नेऊ."

दोघींनी टोपली काठापर्यंत नेली आणि मीठ खाली ओतलं.